स्ट्राइक मारला तरी स्क्रीनवर आकडा काऊन येत नाही?

प्रश्न: परवा ऑफिसच्या पोट्ट्यांसोबत पहिल्यांदा बोलिंग खेळलो, वर्धा रोडकडच्या एका मॉलमधे. मी स्ट्राइक मारला तर स्क्रीनवर नुसता X आला, बेरजेची जागा कोरीच. दोन बॉलनंतर आकडा एकदम उडी मारून वर गेला. मित्राने दर फ्रेमला आठ-नऊ पिन पाडल्या, मी दोनदा बॉल लेनच्या बाजूच्या गटरमधे घातला, तरी शेवटी मीच जिंकलो. तो म्हणतो मशीन खराब आहे. स्ट्राइक आणि स्पेअरचा हिशोब नेमका कसा होतो? कोणी एक पूर्ण गेम घेऊन समजावेल काय?

उत्तर:

मशीन बरोबर होतं भाऊ, आणि तुमच्या मित्रावर अन्यायही नाही झाला. मी इथे नागपुरातच एका गेम झोनच्या लेनवर असतो, ऑफिसवाल्यांच्या टुर्नामेंट असल्या की स्कोअरकडे पाहायचं काम माझ्याकडेच येतं, आणि रविवारी संध्याकाळी काउंटरवर जेवढी भांडणं येतात त्यातली निम्मी ह्याच गोष्टीवरून. लोक समजतात की स्कोअर म्हणजे पाडलेल्या पिनची बेरीज. तसं नाहीये. टेनपिनमधे मोजणी बॉलची होते, आणि काही बॉल एकदा मोजल्या जातात, काही दोनदा, काही तर तीनदा. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं निव्वळ बेरीज आहे, चौथीतलं पोट्टंही करेल.

मी सांगून राहिलो ती नेहमीची जुनी पद्धत, मॉलमधल्या लेनवर सहसा हीच लावलेली असते. दुसरी एक पद्धत आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगतो, आत्ता मधात घुसवत नाही.

गेममधे दहा फ्रेम. दर फ्रेमला दहा पिन उभ्या, त्या पाडायला दोन बॉल. दोन बॉल टाकूनही एखादी उभी राहिली तर ती ओपन फ्रेम, जेवढ्या पडल्या तेवढे मार्क, विषय संपला. पहिल्या बॉलला काही पिन राहिल्या आणि दुसऱ्याने त्या सगळ्या साफ केल्या तर स्पेअर, स्क्रीनवर / दिसतो. स्पेअरचे दहा, अधिक त्याच्यानंतरचा एक बॉल. पहिल्याच बॉलला दहाच्या दहा गेल्या तर स्ट्राइक, X, त्या फ्रेमचा दुसरा बॉल टाकायचाच नाही. स्ट्राइकचे दहा, अधिक त्याच्यानंतरचे दोन बॉल. नियम एवढाच आहे, दहाव्या फ्रेमचं थोडं वेगळं आहे ते पुढे येतं.

आता जागा कोरी का राहते ते पाहा. स्ट्राइक मारला तेव्हा तुम्हाला दहा तर मिळालेत पण वरचे किती हे पुढच्या दोन बॉलवर आहे, आणि ते बॉल अजून तुमच्या हातातच आहेत, मग मशीन काय आकडा दाखवणार? पानठेल्यावरच्या उधारीसारखं आहे, खातं उघडं ठेवलंय, पैसे आले की मग आकडा मांडणार. स्पेअरचं खातं एका बॉलने बंद होते, स्ट्राइकचं दोन बॉलने. बॉल म्हटलंय मी, फ्रेम नाही, हे लक्षात ठेवजा, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो.

एक गेम घेऊन पाहू. हा मी मुद्दाम असा बनवलाय की सगळ्या भानगडी त्यात याव्यात:

७ २ | ८ / | X | X | ६ ३ | ९ / | ४ / | X | ७ - | ८ / X

पहिली फ्रेम, सात आणि दोन. नऊ. ओपन आहे, लगेच ९ लिहून आला, काही वाट पाहायची नाही.

दुसरी फ्रेम, आधी आठ पडल्या, मग उरलेल्या दोन उडवल्या. स्पेअर. जागा कोरी, कारण एक बॉल यायचाय.

तिसऱ्यात पहिलाच बॉल स्ट्राइक. हा स्ट्राइक पडल्या पडल्या दुसऱ्या फ्रेमला तिचा एक बॉल मिळाला, दहाचा. म्हणून दुसरी फ्रेम १० अधिक १०, वीस. मागचे ९ धरून बेरीज २९. तिसरी फ्रेम स्वतः मात्र कोरी, तिला दोन बॉल हवेत.

चौथ्यात परत स्ट्राइक. लागोपाठ दोन म्हणजे डबल. आता तिसरीला एक बॉल मिळाला पण अजून एक बाकी, आणि चौथीला तर दोन्ही बाकी. म्हणजे दोन स्ट्राइक मारून बसलाय माणूस आणि स्क्रीनवर २९च दिसून राहिलंय. ह्याच वेळेला मला लेनवरून हाका येतात, "ओ भाऊ, मशीन अटकली."

पाचव्या फ्रेमचा पहिला बॉल, सहा पडल्या. तिसऱ्या फ्रेमचे दोन बॉल आता पूर्ण झाले, चौथीतला दहा आणि हा सहा. म्हणून तिसरी १० + १० + ६, म्हणजे २६, आणि बेरीज ५५. चौथीला एक मिळाला, एक बाकी.

पाचव्याचा दुसरा बॉल, तीन पडल्या, एक पिन उभीच राहिली. चौथी फ्रेम १० + ६ + ३, म्हणजे १९, बेरीज ७४. आणि पाचवी ओपन आहे, तिचे स्वतःचे नऊ, बेरीज ८३. आता मजा पाहा, तुम्ही पाडल्या फक्त तीन पिन, आणि स्क्रीन ५५ वरून सरळ ८३ वर गेली. अठ्ठावीसची उडी. तुमच्याकडे जी उडी दिसली ती हीच, त्या एका बॉलचे अठ्ठावीस नाहीत, मागची थकलेली मोजणी त्या क्षणी पूर्ण झाली.

सहावीत नऊ आणि मग उरलेली एक, स्पेअर. कोरी.

सातवीत पहिला बॉल चार. झालं, सहावीचं काम झालं, १० + ४ म्हणजे १४, बेरीज ९७. इथे जरा थांबा. सातवीत पुढच्या बॉलला उरलेल्या सहाही पडल्या, म्हणजे सातवी फ्रेमही स्पेअर आहे. हाताने मोजणारे लोक काय करतात, सहावीच्या स्पेअरला सातवीचे पूर्ण दहा जोडून वीस लिहितात. चूक. स्पेअरला पुढची फ्रेम मिळत नाही, पुढचा एक बॉल मिळतो, तो चारचा होता तर चारच. म्हणून स्पेअर मारल्यानंतरचा पहिला बॉल जरा सांभाळून टाकायचा असतो, तो दोनदा मोजल्या जातो. स्पेअर पडला की लोक टाळ्या वाजवतात, मोबाइलवर व्हिडिओ पाहतात आणि पुढचा बॉल हसत हसत गटरमधे घालतात, मग त्या स्पेअरचे दहाचे दहाच राहतात.

आठवी फ्रेम स्ट्राइक. सातवीला दहा मिळाले, वीस झाले, बेरीज ११७.

नववीत आधी सात, मग दुसरा बॉल सरळ गटरमधे, स्क्रीनवर आडवी रेघ आली. गटरही बॉलच आहे, त्याची किंमत शून्य, पण मोजणीत त्याचा नंबर लागतोच. आठवीचे दोन बॉल म्हणजे सात आणि शून्य, १० + ७ + ०, सतरा. बेरीज १३४. नववीचे स्वतःचे सात, बेरीज १४१. काही लोक म्हणतात गटर गेला तर तो सोडून त्याच्यापुढचा बॉल धरा. नाही धरत.

दहावी फ्रेम, आठ, मग दोन, स्पेअर. आता स्पेअरला एक बॉल पाहिजे पण अकरावी फ्रेम तर नाहीये, मग तो बॉल दहावीतच टाकायला देतात. तो स्ट्राइक पडला. ८ + २ + १०, वीस. गेम १६१ ला संपला.

आता हेच दुसऱ्या बाजूने तपासू, मी वहीत असंच ताडून पाहतो आणि माझ्या मते समजायलाही हीच बाजू सोपी आहे. फ्रेम विसरा, फक्त बॉल एका ओळीत ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्या अगदी मागचा बॉल स्ट्राइक किंवा स्पेअरचा होता काय? त्याच्याही एक मागचा स्ट्राइक होता काय? जेवढ्यांदा हो, तेवढ्यांदा तो बॉल जास्तीचा मोजायचा, फक्त दहावीतला स्ट्राइक किंवा स्पेअर ह्यात धरायचा नाही. ह्या गेममधे प्रत्यक्ष पडलेल्या पिन १०५, त्यात शेवटच्या जास्तीच्या बॉलच्या दहा आल्या. जास्तीची मोजणी अशी: तिसरीतला स्ट्राइक स्पेअरनंतर आला म्हणून आणखी दहा. चौथीतला स्ट्राइक तिसरीच्या स्ट्राइकनंतर, आणखी दहा. पाचवीतला सहा दोन स्ट्राइकनंतर आला, तो एकूण तीनदा मोजल्या गेला, म्हणजे आणखी बारा. त्याच्या पुढचा तीन चौथीसाठी आणखी एकदा, तीन. सातवीतला चार आणखी एकदा. आठवीतला स्ट्राइक आणखी दहा. नववीतला सात आणखी एकदा, आणि गटरचा शून्य. दहा, दहा, बारा, तीन, चार, दहा, सात, छप्पन्न झाले. १०५ आणि ५६, एकशे एकसष्ट. जुळलं.

ह्यातून तुमच्या मित्राचं कोडंही सुटते. समजा त्याने दहाही फ्रेममधे नऊ-नऊ पाडल्या, एकही स्पेअर नाही. नव्वद झाले. सगळ्या फ्रेम ओपन असल्या तर नव्वदच्या वर कोणालाच जाता येत नाही, कितीही नेमाने खेळा, कारण त्याचा एकही बॉल दुसऱ्यांदा मोजल्या जात नाही. तुमचे दोन गटर गेले पण मधात कुठेतरी दोन-तीन स्ट्राइक जवळजवळ पडले असतील, तिथेच तुम्ही पुढे निघून गेलात. त्याला फक्त ती उभी राहिलेली एक पिन पाडता आली असती, दर फ्रेमला नऊ आणि स्पेअर, शेवटच्या जास्तीच्या बॉललाही नऊ, तर १९० झाले असते. फरक एकेका पिनचा, स्कोअर दुपटीच्या वर.

"जवळजवळ पडले असतील" असं मी उगीच नाही म्हटलं. तीन स्ट्राइक आणि तीन वेळा पाच-तीन, असा सहा फ्रेमचा तुकडा घ्या. एक स्ट्राइक, मग पाच-तीन, परत स्ट्राइक, परत पाच-तीन, असं आलटून पालटून पडलं तर प्रत्येक स्ट्राइक अठराचा आणि प्रत्येक ओपन आठचा, सगळे मिळून ७८. तेच तीन स्ट्राइक लागोपाठ, ज्याला टर्की म्हणतात, आणि मग तिन्ही पाच-तीन, तर पहिला स्ट्राइक ३०, दुसरा २५, तिसरा १८, आणि तीन वेळा आठ, ९७ झाले. पिन तेवढ्याच, बॉल तेवढेच, एकोणीसचा फरक नुसत्या क्रमाचा. म्हणून डबलनंतरचा बॉल सगळ्यात महाग, तो तीनदा मोजल्या जातो. तिथे हात गरम झाला म्हणून जोरात फेकायच्या नादात चार पिन कमी पडल्या तर बारा गेले.

गंमत म्हणून सांगतो, पूर्ण गेम एक स्ट्राइक एक स्पेअर असा आलटून पालटून गेला तर स्कोअर बरोबर २०० येतो, स्पेअरमधे आधी कितीही पडल्या असोत. स्ट्राइकनंतर स्पेअर म्हणजे दोन बॉलचे मिळून दहा, स्पेअरनंतर स्ट्राइक म्हणजे एका बॉलचे दहा, सगळ्या फ्रेम वीसच्या. ह्याला डच टू हंड्रेड म्हणतात.

दहाव्या फ्रेमचं नीट सांगतो, कारण तिथे समजदार माणसंही जास्तीचं मोजतात. दहावीत स्पेअर मारला तर एक बॉल जास्तीचा, पहिल्याच बॉलला स्ट्राइक मारला तर दोन जास्तीचे, ओपन राहिली तर काहीच नाही. हे जास्तीचे बॉल दहावीचं खातं पूर्ण करायलाच दिलेत, त्यांची स्वतःची वेगळी फ्रेम नसते, म्हणून दहावीत जे पडलं त्याची साधी बेरीज करायची आणि थांबायचं. तीन स्ट्राइक मारले तर दहावी ३०ची, त्यातल्या दुसऱ्या स्ट्राइकला परत बोनस लावून पन्नास-साठ नाही होत. स्ट्राइक, मग सहा, मग तीन, १९ झाले. नववीत स्ट्राइक असेल तर तिला दहावीचे पहिले दोन बॉल मिळतात, तिसरा नाही. आपल्या गेममधे नववी स्ट्राइक असती तर तिला आठ आणि दोन मिळून २० आले असते, शेवटचा स्ट्राइक तिच्या कामाचा नाही. आणि ह्याच कारणाने परफेक्ट गेमला बारा स्ट्राइक लागतात, दहा फ्रेमचे दहा आणि दहावीचं खातं पूर्ण करायला दोन. दर फ्रेम तीसची, ३००, त्याच्यावर स्कोअर नाही.

आणखी एक छोटी गोष्ट जिच्यावरून पैजा लागतात. पहिला बॉल गटरमधे आणि दुसऱ्याने दहाच्या दहा पिन पाडल्या, तर तो स्ट्राइक नाही, स्पेअर आहे. दहा पडल्या हे खरं, पण दोन बॉल लागले. पुढचा एकच बॉल मिळेल. वाईट वाटते, पण तसंच आहे.

आता मशीन खरंच चुकते काय? चुकते कधी कधी, पण बेरजेत नाही, पिन पाहण्यात. एखादी पिन घसरून जागेवरून बाजूला जाते पण उभीच राहते, किंवा हलत हलत उशिरा पडते, आणि पाहणाऱ्या यंत्रणेला ती वेगळीच दिसते. पडलेल्या पिन हटवतांना पिनसेटरच्या, म्हणजे पिन लावणाऱ्या मशीनच्याच धक्क्याने एखादी उभी पिन पडली तर ती नियमाने तुमची नाही, पण साध्या मशीनवर ती मोजल्या जाऊ शकते. ओळखायचं कसं, तर बॉल गेल्यावर स्क्रीनकडे नाही, आधी लेनकडे पाहा, उभ्या किती ते मोजा आणि दहातून वजा करा. स्क्रीनवर तो आकडा नसेल तर पुढचा बॉल टाकायच्या आधी काउंटरला सांगा, आम्ही तो एक बॉल दुरुस्त करतो आणि मागच्या फ्रेम आपोआप परत मोजल्या जातात. डबलनंतरच्या बॉलमधे एक पिन चुकली तर तुमचा स्कोअर एकने नाही, तीनने चुकते. गेम संपल्यावर येऊन "चौथ्या फ्रेममधे काहीतरी चुकलं होतं" म्हणाल तर आम्ही तरी काय पाहणार, पिन तर तेव्हाच उचलल्या गेल्या.

राहिली ती दुसरी पद्धत. काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधे करंट फ्रेम स्कोअरिंग वापरलं गेलंय, पाहणाऱ्यांना चटकन समजावं म्हणून. त्यात वाट पाहायची भानगडच नाही, स्ट्राइकचे सरळ ३०, स्पेअरचे दहा अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलच्या पिन, ओपनला जेवढ्या पडल्या तेवढ्या. आपला गेम त्याने मोजला तर तीन स्ट्राइकचे नव्वद, चार स्पेअरचे १८, १९, १४ आणि १८ म्हणजे ६९, आणि तीन ओपनचे ९, ९, ७ म्हणजे पंचवीस, एकूण १८४. दहावीत जास्तीचा बॉलही नाही. तेच बॉल, जुन्या पद्धतीने १६१. ऑफिसच्या टुर्नामेंटमधे कधीकधी नो-टॅप ठेवतात, पहिल्या बॉलला नऊ पडल्या तरी स्ट्राइक धरायचा, तेव्हाही स्कोअर फुगतो. म्हणून कोणाशी स्कोअरची तुलना करायची असेल तर कोणत्या पद्धतीने खेळला हे आधी विचारून घेजा, आणि तुमच्या परवाच्या गेमची स्कोअरशीट फोटोत असेल तर इथे टाका, फ्रेम फ्रेम करून मोजून देतो.